स्टार्टअपच्या ऑफरमधील ४,००० ईसॉप: ४० लाख खरे किती?

वाटसरू८७

नमस्कार. मी पुण्यात एका मोठ्या आयटी कंपनीत नोकरी करतो आणि सध्या मला वर्षाला २४ लाख रुपये पगार आहे. बाणेरमधील एका स्टार्टअपने मला बॅकएंडच्या कामासाठी ऑफर दिली आहे. तिच्यात रोख पगार २० लाख असून त्याखेरीज ४,००० ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचे हक्क, आहेत. कंपनीने गुंतवणुकीची दुसरी मोठी फेरी मागच्याच वर्षी पूर्ण केली. त्या फेरीत शेअरचा भाव १,००० रुपये होता, त्यामुळे तुमचे ईसॉप ४० लाखांचे आहेत, असे एचआरने मला फोनवर सांगितले. ऑफर लेटरमध्ये एक्सरसाइज प्राइस, म्हणजे हा हक्क वापरून शेअर घेताना भरायची किंमत, २०० रुपये लिहिली आहे. व्हेस्टिंग, म्हणजे हे हक्क टप्प्याटप्प्याने वापरण्याजोगे होणे, चार वर्षांचे असून पहिल्या वर्षाअखेरीस एक चतुर्थांश आणि नंतर दर तिमाहीला उरलेले, असा क्रम आहे.

पगारात वर्षाला चार लाख सोडायचे आणि चार वर्षांत ४० लाख मिळवायचे, असा हा व्यवहार मला दिसतो. तो खरोखर तसाच आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

सातारकर

पहिली गोष्ट म्हणजे एचआरचा हिशोब चुकला आहे. तुम्हाला प्रत्येक शेअरसाठी २०० रुपये भरायचे आहेत, म्हणून शेअरमागे फायदा ८०० रुपये आणि एकूण ३२ लाख होतो. तरीही चार वर्षांत १६ लाख सोडून ३२ लाख मिळत असतील तर मी ही ऑफर घेईन. कराची चिंता करू नका, कारण स्टार्टअपच्या ईसॉपवरचा कर सरकारने पाच वर्षे पुढे ढकलला आहे. शेअर विकल्यावर सावकाश भरता येतो.

सिअॅटलवासी

माझ्याकडे गेली काही वर्षे कंपनीचे शेअर असेच व्हेस्ट होत आहेत. ते व्हेस्ट झाले की कर कापण्यासाठी काही शेअर आपोआप विकले जातात आणि उरलेले खात्यात जमा होतात. मी ते त्याच दिवशी विकून टाकतो. तुम्हीही व्हेस्ट होताच विका आणि पैसे म्युच्युअल फंडात घाला.

ताळेबंद

सिअॅटलवासी, तुम्हाला मिळतात ते बाजारात नोंदलेल्या कंपनीचे शेअर आहेत. वाटसरूंना मिळत आहे तो प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा शेअर ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क आहे. तो व्हेस्ट झाला तरी त्यांच्या हाती शेअर येत नाही. पैसे भरून तो एक्सरसाइज करावा लागतो, आणि त्यानंतरही तो शेअर विकायला बाजार नसतो. कंपनी विकली जाणे, ती शेअर बाजारात येणे किंवा कंपनीने स्वतः बायबॅक करणे, यांपैकी काही घडले तरच त्याचे पैसे होतात. त्यामुळे तुमचा सल्ला तुमच्या परिस्थितीत योग्य असला तरी येथे लागू पडत नाही.

मी कंपनी सेक्रेटरी आहे आणि ईसॉप योजनांचे कागद तयार करणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. वाटसरू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मला तीन आकडे हवे आहेत, आणि ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. गुंतवणूकदारांचे सर्व प्रेफरन्स शेअर, म्हणजे प्राधान्याचा हक्क असलेले शेअर, साध्या समभागांत रूपांतरित झाले आणि ईसॉपचा संपूर्ण साठा वाटला गेला असे धरून कंपनीचे एकूण शेअर किती होतात? गुंतवणूकदारांनी आजवर एकूण किती पैसे घातले आहेत आणि कंपनी विकली गेल्यास ते त्यांना प्राधान्याने किती पट परत मिळायचे आहेत? मर्चंट बँकरने केलेल्या ताज्या मूल्यांकनात साध्या समभागाची किंमत किती आली आहे?

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. ४,००० या आकड्याला स्वतःचा काहीही अर्थ नाही. कंपनीचे एकूण शेअर चार लाख असतील तर तो एक टक्का होतो आणि चार कोटी असतील तर टक्क्याचा शंभरावा भाग होतो.

वाटसरू८७

मी एचआरला लेखी विचारले. त्यांनी वित्त विभागाकडून आकडे आणून दिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. एकूण शेअर ५० लाख आहेत. त्यांपैकी गुंतवणूकदारांकडे २० लाख प्रेफरन्स शेअर आहेत. आजवर उभारलेली रक्कम १५० कोटी आहे. प्राधान्य एकपटीचे आहे आणि ते पैसे घेतल्यानंतर गुंतवणूकदारांना उरलेल्या रकमेत पुन्हा वाटा नाही, असे त्यांनी लिहिले आहे. मर्चंट बँकरचे मूल्यांकन शेअरमागे ६०० रुपये आहे. कंपनी मात्र ५०० कोटींची आहे, असे ते पुन्हा एकदा म्हणाले.

ताळेबंद

हे आकडे मिळाले हे फार चांगले झाले, कारण त्यांच्यावरून पुष्कळ काही सांगता येते. ४,००० भागिले ५० लाख म्हणजे तुमचा वाटा ०.०८ टक्के आहे. ५०० कोटी हा आकडा ५० लाख शेअर गुणिले १,००० रुपये असा आला आहे. परंतु १,००० रुपये गुंतवणूकदारांनी दिले ते प्रेफरन्स शेअरसाठी, आणि त्या शेअरला जो प्राधान्याचा हक्क आहे तो तुमच्या साध्या समभागाला नाही. मर्चंट बँकरने ६०० रुपये लावले, यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

हा फरक विक्रीच्या वेळी कसा दिसतो ते पाहा. समजा, तीन वर्षांनी कंपनी २५० कोटींना विकली गेली, म्हणजे आजच्या सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याला. गुंतवणूकदारांनी आपले शेअर समभागांत रूपांतरित केले तर त्यांना ४० टक्के म्हणजे १०० कोटी मिळतील, आणि प्राधान्य वापरले तर १५० कोटी मिळतील. साहजिकच ते प्राधान्य वापरतील. उरलेले १०० कोटी संस्थापक आणि कर्मचारी यांच्या ३० लाख शेअरमध्ये वाटले गेले की शेअरमागे सुमारे ३३३ रुपये येतात. त्यातून तुमची २०० रुपयांची एक्सरसाइज प्राइस वजा केली की १३३ उरतात, आणि ४,००० ईसॉपचे सुमारे ५ लाख ३३ हजार होतात. कंपनीची किंमत निम्मी झाली, पण तुमचे ३२ लाख निम्मे झाले नाहीत, ते एक षष्ठांश झाले. कंपनी १५० कोटींना किंवा त्याहून कमी किमतीला विकली गेली तर तुमच्या हाती शून्य येईल, आणि तरीही वर्तमानपत्रात १५० कोटींच्या यशस्वी विक्रीची बातमी छापून येईल.

मी सर्व फेऱ्या एकत्र धरल्या आहेत. प्रत्यक्षात सुरुवातीच्या स्वस्त फेरीतील गुंतवणूकदार कदाचित आधीच रूपांतर करतील आणि आकडे थोडे हलतील, पण चित्र हेच राहील.

आता चांगली बाजू पाहू. कंपनीने आणखी दोन फेऱ्या केल्या आणि प्रत्येकीनंतरच्या एकूण शेअरपैकी १५ टक्के नवे असले, तर एकूण शेअर सुमारे ७० लाख होतील. त्यानंतर ती १,४०० कोटींच्या मूल्यांकनाने शेअर बाजारात आली, तर आयपीओपूर्वी प्रेफरन्स शेअर समभागांत रूपांतरित करावे लागत असल्याने सगळे एका पातळीवर येतात आणि शेअरचा भाव २,००० रुपये होतो. तुमचा करपूर्व फायदा ७२ लाख होईल. कंपनीची किंमत जवळजवळ तिप्पट झाली तरी शेअरचा भाव दुप्पटच झाला, कारण मधल्या काळात शेअरची संख्या वाढली.

उद्यमी

ताळेबंद यांचा हिशोब मला मान्य आहे, पण त्यांनी बायबॅकचा उल्लेख एका वाक्यात संपवला. मी बंगळुरूच्या एका स्टार्टअपमध्ये सुरुवातीपासून होतो आणि कंपनी बाजारात येण्याआधीच दोन वेळा माझे व्हेस्ट झालेले काही ईसॉप कंपनीने रोखीने परत घेतले. मला त्यासाठी एक्सरसाइजही करावे लागले नाही. पैसे पगाराबरोबर आले आणि पगारासारखाच कर कापला गेला. त्या पैशांतून मी घराचा पहिला हप्ता भरला. अशा संधी भारतातील चांगल्या चाललेल्या कंपन्यांमध्ये येतात, त्यामुळे आयपीओ किंवा विक्री एवढेच दोन मार्ग धरून किंमत काढणे मला अन्यायाचे वाटते.

ताळेबंद

तुमचा मुद्दा रास्त आहे. मात्र बायबॅक कधी करायचा, कोणाचे किती टक्के घ्यायचे आणि कोणत्या भावाने घ्यायचे हे सर्व संचालक मंडळ ठरवते. कर्मचाऱ्याला तो मागता येत नाही. म्हणून मी त्याला शक्यता म्हणून मोजतो, हक्क म्हणून नाही.

केतकीबन

मला या चर्चेत नोकरी सोडण्याचा विषय आणायचा आहे, कारण माझ्या बाबतीत सगळे तिथेच अडले. तीन वर्षांपूर्वी मी एक स्टार्टअप सोडले तेव्हा माझे १,२०० ईसॉप व्हेस्ट झालेले होते. एक्सरसाइज प्राइस ५० रुपये होती, म्हणजे शेअर घ्यायला ६०,००० रुपये पुरेसे होते आणि तेवढे मी बाजूला ठेवले होते. त्या वेळी मर्चंट बँकरची किंमत ६५० रुपये होती. तिच्यातील आणि माझ्या किमतीतील ६०० रुपयांचा फरक गुणिले १,२०० असे ७ लाख २० हजार रुपये माझ्या पगाराच्या उत्पन्नात धरले जाणार होते आणि त्यावर अधिभार वगळता ३१.२ टक्क्यांनी सुमारे सव्वादोन लाख रुपये कर बसत होता. योजनेप्रमाणे निर्णयासाठी ९० दिवस होते. हाती एक रुपयाही न येता पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम द्यायची होती, तीही घरी आजारपण चालू असताना. मी निम्मे ईसॉप एक्सरसाइज केले आणि निम्मे सोडून दिले. घेतलेले शेअर आजही माझ्याकडे आहेत आणि ते विकत घेणारे कोणी नाही.

सातारकर

पण तुमची कंपनी सरकारमान्य स्टार्टअप असेल तर हा कर तेव्हा भरायलाच नको होता. २०२० च्या अर्थसंकल्पात ही सवलत आली आहे.

केतकीबन

कंपनीकडे डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता होती. तरीही कर कापला गेला. त्यामागचे कारण मला कोणी नीट समजावून सांगितले नाही.

ताळेबंद

कारणे दोन आहेत. ही सवलत केवळ डीपीआयआयटीच्या मान्यतेवर मिळत नाही. नफ्यावरील करमाफीसाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचे जे वेगळे प्रमाणपत्र लागते, ते कंपनीकडे असावे लागते. मान्यता मिळालेल्या स्टार्टअपपैकी फार थोड्यांकडे ते असते. दुसरे असे की सवलत असली तरी कर माफ होत नाही. सुमारे पाच वर्षे पूर्ण होणे, शेअर विकणे किंवा नोकरी सोडणे, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो भरावाच लागतो. केतकीताई नोकरी सोडतानाच शेअर घेत होत्या, म्हणून प्रमाणपत्र असते तरी त्यांना लाभ झाला नसता. सातारकर, तुमचे वाक्य अर्धे बरोबर आहे, पण ज्याला कर पुढे ढकलण्याची सर्वाधिक गरज असते त्या नोकरी सोडणाऱ्यालाच ते उपयोगी पडत नाही.

हेच वाटसरूंच्या आकड्यांवर लावून पाहू. सर्व ४,००० व्हेस्ट झाले आणि मर्चंट बँकरची किंमत आजच्याइतकीच ६०० राहिली असे धरा. शेअर घेण्यासाठी ८ लाख रुपये लागतील. फरक ४०० गुणिले ४,००० म्हणजे १६ लाख उत्पन्न धरले जाईल आणि त्यावर ३१.२ टक्क्यांनी सुमारे ५ लाख कर होईल. विकता न येणाऱ्या शेअरसाठी १३ लाख रुपये खिशातून काढावे लागतील. पुढे भाव पडला तर पगाराचे उत्पन्न म्हणून भरलेला हा कर परत मिळत नाही. शेअर विकताना होणारा तोटा भांडवली तोटा ठरतो आणि तो फक्त भांडवली नफ्यातूनच वजा करता येतो. बायजूज ही कंपनी २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची मानली जात होती आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मधल्या काळातील मूल्यांकनाने कोणी शेअर घेतले असतील, तर त्यांनी कागदावरच्या भावावर खराखुरा कर भरला असणार.

म्हणून नोकरी सोडल्यानंतर एक्सरसाइज करायला किती मुदत आहे, हे मी पैशांइतकेच महत्त्वाचे मानतो. काही कंपन्या आता ती मुदत काही वर्षांची ठेवतात, आणि काही तर विक्री किंवा आयपीओ होईपर्यंत ईसॉप तसेच राहू देतात. अशी मुदत मिळाली तर १३ लाखांचा प्रश्नच उरत नाही.

वाटसरू८७

हे वाचून मी ऑफर लेटर पुन्हा पाहिले. त्यात मुदतीचा उल्लेखच नाही, फक्त ‘ईसॉप योजनेतील तरतुदींच्या अधीन’ असे लिहिले आहे. एक्सरसाइज प्राइस कमी करून मागता येते का? केतकीताईंची ५० रुपये होती.

ताळेबंद

मागता येते. कायदा एक्सरसाइज प्राइस ठरवण्याची मोकळीक कंपनीला देतो, आणि भारतातील पुष्कळ स्टार्टअप ती शेअरच्या दर्शनी मूल्याइतकी, म्हणजे १ किंवा १० रुपये ठेवतात. तुमची १० रुपये असती तर २५० कोटींच्या विक्रीत तुम्हाला ५ लाखांऐवजी जवळजवळ १३ लाख मिळाले असते. परंतु एकाच योजनेत एकाला वेगळी किंमत द्यायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत. ईसॉपची संख्या वाढवून देणे त्यांना सोपे जाते. मी तुमच्या जागी असतो तर आधी मुदत मागितली असती, नंतर संख्या.

योजनेची पूर्ण प्रत सही करण्यापूर्वी मागा. तिच्यात आणखी दोन ठिकाणी लक्ष द्या. एक ग्रँटची, म्हणजे ईसॉप प्रत्यक्ष दिले जाण्याची, तारीख. ऑफर लेटर म्हणजे ग्रँट नव्हे. संचालक मंडळाची मंजुरी झाल्यावर ग्रँट लेटर निघते, आणि ग्रँट व पहिले व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष गेलेच पाहिजे, असा कंपनी कायद्याखालील नियम आहे. कंपनीने रुजू झाल्यानंतर सहा महिन्यांनी ग्रँट दिले तर तुमचा एक वर्षाचा क्लिफ, म्हणजे पहिल्या व्हेस्टिंगपर्यंतचा काळ, प्रत्यक्षात दीड वर्षाचा होतो. माझ्या पाहण्यात ही गोष्ट वारंवार घडते आणि कर्मचाऱ्याला ती राजीनामा देताना कळते. दुसरे ठिकाण म्हणजे गैरवर्तनाच्या कारणाने काढल्यास व्हेस्ट झालेले ईसॉपही रद्द होतील, हे कलम. गैरवर्तनाची व्याख्या काही योजनांत इतकी सैल असते की प्रतिस्पर्धी कंपनीत जाणेही तिच्यात बसवता येते.

एचआरने दिलेले आकडे तपासायचे असतील तर एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, संकेतस्थळावर १०० रुपये भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात. PAS-3 या अर्जात प्रत्येक फेरीत किती शेअर कोणत्या भावाने दिले ते असते, आणि गुंतवणूकदारांच्या प्राधान्याच्या अटी बहुधा कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, उतरवलेल्या असतात.

उद्यमी

मग शेवटी आकडा किती धरायचा? शक्यता सांगून मोकळे होणे सोपे आहे, वाटसरूंना निर्णय घ्यायचा आहे.

ताळेबंद

माझा अंदाज लिहितो, पण हा अंदाजच आहे, त्यामागे कोणतीही पाहणी नाही. शून्य हाती येण्याची शक्यता मी निम्मी धरतो. २५० कोटींच्या आसपास विक्री होऊन ५ लाख ३३ हजार मिळण्याची ३० टक्के, समभागाला आजचाच १,००० चा भाव मिळून ३२ लाख होण्याची १५ टक्के आणि ७२ लाखांची ५ टक्के. यांची भारित बेरीज सुमारे १० लाख येते. ती चार वर्षांवर वाटली की वर्षाला अडीच लाख, तेही करपूर्व आणि चारही वर्षे तिथे टिकलात तर. दुसऱ्या बाजूला सोडलेले चार लाख दरवर्षी नक्की जाणार आहेत.

उद्यमी

निम्मी शक्यता शून्याची हे मला जास्त वाटते. दुसरी मोठी फेरी पार केलेली आणि उत्पन्न असलेली कंपनी कागदी कल्पना घेऊन बसलेल्या कंपनीसारखी नसते. मी शून्याची शक्यता एक तृतीयांश धरली असती आणि कमी झालेली शक्यता मुख्यतः ३२ लाखांच्या बाजूला टाकली असती. मग बेरीज १५ लाखांच्या जवळ जाते आणि व्यवहार जवळजवळ बरोबरीत येतो. कंपनीचे वार्षिक उत्पन्न आणि हाती किती महिन्यांचे पैसे आहेत, हे कळल्याशिवाय आपण दोघेही हवेतच बोलत आहोत.

ताळेबंद

यावर आपले एकमत होणार नाही, आणि शेवटचे वाक्य पूर्ण बरोबर आहे. वाटसरू, तेही विचारा.

वाटसरू८७

आज सविस्तर बोलणे झाले. रोख पगार २२ लाख करायला ते तयार आहेत. ग्रँट रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच मंडळ बैठकीत ठेवू, असे लेखी देतील. नोकरी सोडल्यानंतरची मुदत ९० दिवसांचीच आहे आणि ती बदलायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. हाती १४ महिन्यांचे पैसे आहेत, असे सांगितले. उत्पन्नाचा आकडा मात्र रुजू झाल्यावरच सांगू, असे म्हणाले. योजनेची प्रत उद्या येईल.

केतकीबन

मुदत ९० दिवसच राहणार असेल तर एक विचारून घ्या. व्हेस्ट झालेले ईसॉप नोकरीत असताना थोडेथोडे एक्सरसाइज करू देतात का, की वर्षातून ठरावीक काळातच? माझ्या कंपनीत तो काळ फक्त मार्च महिन्यात असे. तुम्हाला दर वर्षी झेपेल तेवढेच घेता आले, तर कर एकदम अंगावर येणार नाही आणि मूल्यांकन वाढण्याआधी काही शेअर कमी करात मिळतील.

ताळेबंद

केतकीताईंचा प्रश्न अचूक आहे. फक्त त्यात एक अट आहे: असे लवकर घेतलेले शेअर बुडाले तर भरलेली किंमत आणि कर दोन्ही बुडतात. त्यामुळे १४ महिन्यांचे पैसे असलेल्या कंपनीत पुढची फेरी होईपर्यंत मी एकही एक्सरसाइज करणार नाही. तुमचे पहिले १,००० व्हेस्ट होतील, तोपर्यंत ती फेरी झाली की नाही हे बहुतेक कळलेले असेल. योजनेची प्रत आली की कंपनीचे नाव झाकून गैरवर्तनाचे कलम येथे टाका, मी वाचून सांगतो.